माजघरात लॅपटॉप आणि चार पावलांवर चिवड्याचा डबा

पत्र : नमस्कार. मी 34 वर्षांचा, राहणार शहापूर, बेळगाव. बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम 2020 पासून घरूनच करतो. घर जुनं, लांबट. माजघरात टेबल मांडलंय, तिथून स्वयंपाकघर चार पावलांवर. बायको शाळेत शिकवते, ती साडेआठला बाहेर पडते. मग घरात आई आणि मी. सकाळी चहा-बटर, नंतर थोडे पोहे, जेवण दोन-अडीचला. मधे किती वेळा उठतो याला गणतीच नाही. चिवडा, फरसाण, शेंगदाणे, असला तर कुंदा. भूक असतेच असंही नाही. एवढ्या काळात नऊ किलो वजन वाढलं. दोनदा सगळं बंद करून पाहिलं, तर रात्री दुप्पट खाल्लं. आईला डबे करू नकोस म्हटलं की तिला वाईट वाटतं. काय करू?

उत्तर :

नमस्कार. डबे घराबाहेर काढायची गरज नाही आणि आईंना दुखवायचीही नाही. तुम्ही जाताजाता लिहिलंय की भूक असतेच असं नाही. पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच. घरून काम करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या फेऱ्या दोन जातींच्या असतात. काही खऱ्या भुकेच्या, आणि काही नुसत्या उठण्याच्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींचा शेवट डब्याचं झाकण उघडण्यात होतो. पण इलाज वेगवेगळा आहे. तुम्ही दोन्ही वेळा सगळं एकदम बंद केलंत, म्हणजे भुकेच्या फेऱ्याही बंद केल्या. मग रात्री दुप्पट खाणं होणारच होतं. त्यात मनाचा कमकुवतपणा शोधू नका, दिवसभर न मिळालेलं शरीरानं रात्री वसूल केलं.

म्हणून पहिले चार दिवस काहीही बंद करू नका. एक साधी वही टेबलावर ठेवा आणि फक्त लिहा. तीन रकाने करा: किती वाजता उठलो, काय खाल्लं, आणि उठायच्या आधी काय चाललं होतं. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नुसती खाल्ल्याची यादी करतात. त्या यादीतून हाती फक्त अपराधीपणा लागतो. खरी माहिती तिसऱ्या रकान्यात असते.

वडगावच्या एका बाईंची वही मला आठवते. पुण्याच्या एका फर्मचे हिशेब त्या घरून करतात. तक्रार तुमच्यासारखीच, दिवसभर तोंड चालू. त्यांचा एक मंगळवार असा होता. सातला चहा आणि दोन बटर. नऊला बशीभर पोहे, तेही मुलाचा डबा भरताना उभ्या उभ्या. पावणेअकराला पाणी प्यायला आत गेल्या आणि येताना मूठभर शेंगदाणे घेऊन आल्या. साडेअकराला चहा, त्याबरोबर दोन बिस्किटं. सव्वाबाराला पुन्हा पाणी, आणि एक मूठ चिवडा. जेवण सव्वादोनला. मग तीन-वीसला मीटिंग संपली म्हणून उठल्या, मूठभर फरसाण. चारच्या सुमाराला रिटर्न भरताना साइट अडकली, पुन्हा फरसाण. साडेचारला चहा आणि दोन खाऱ्या. सव्वापाचला साहेबांचा जरा कडक मेल आला, तिसऱ्यांदा फरसाण. सहाला काम आवरत आलं तेव्हा एक चमचा कुंदा.

ही पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि तिसरा रकाना वाचायला सांगितला. जेवणाआधीच्या फेऱ्यांपुढं त्यांनी ‘पाणी’, ‘काही नाही’, ‘पोटात ओढल्यासारखं’ असं लिहिलं होतं. जेवणानंतरच्या प्रत्येक फेरीपुढं मात्र काहीतरी घडलेलं होतं: मीटिंग संपली, साइट अडकली, मेल आला. चारही दिवस हेच चित्र. सकाळी त्यांना भूक लागत होती, दुपारी त्या कामापासून सुटायला उठत होत्या. ऑफिसात असत्या तर मीटिंग संपल्यावर कुणाशी बोलल्या असत्या, जिना उतरून खाली गेल्या असत्या. घरात उठून जायला एकच जागा होती, ती म्हणजे स्वयंपाकघर.

वहीवरून उमगलं नाही, तर एक चाचणी आहे. डब्याकडं हात जाईल तेव्हा स्वतःला विचारा, आत्ता कालची भाकरी आणि दही समोर आलं तर खाईन का? उत्तर ‘हो’ आलं तर ती भूक आहे, तिला खायला घाला. भाकरी नको, फरसाणच हवं, असं वाटलं तर पोटाला काही नको आहे. ही चाचणी दहाच्या दहा वेळा बरोबर निघत नाही. पण भूक आणि चाळा यांतला फरक ओळखायची सवय तिनं लागते.

आता सकाळ. तुमचा दिवस बटर आणि थोड्या पोह्यांवर सुरू होतो आणि पुढचं जेवण अडीचला. बशीभर पोह्यांत, म्हणजे साधारण 60 ग्रॅम कोरडे पोहे धरले तर, प्रथिनं चार ग्रॅमच्या आसपास. वर शेंगदाणे टाकले तर दोन-अडीच ग्रॅम आणखी. बाकी बहुतेक पिष्ट. ते लवकर पचतं आणि साडेदहा-अकराला पोट पुन्हा विचारायला लागतं. अशा वेळी शेंगदाण्याची मूठ तोंडात गेली तर ते वागणं अगदी रास्त आहे. चुकलंय ते आधीचं खाणं.

पोहे सोडायला मी सांगणार नाही. त्यांना सोबत द्या. पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी घेतली तर 12 ग्रॅम प्रथिनं वाढतात. अंडी चालत नसतील तर मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची वाटीभर उसळ आणि थोडं दही. आठवड्यातून तीन-चार दिवस आपल्याकडचाच जुना नाश्ता करून बघा: ज्वारीची एक भाकरी, डावभर झुणका, वाटीभर दही. भाकरीतून सहा, झुणक्यातल्या बेसनातून आठ-नऊ, दह्यातून चार-पाच, असे वीसच्या जवळपास ग्रॅम होतात, आणि भाकरीतला चोथाही पोटात बराच वेळ राहतो. सकाळी झुणका परतायला वेळ नसतो हे मान्य. आदल्या रात्रीचा चालतो, गरम करून घ्यायचा. उप्पीट आवडत असेल तर त्यात भाज्या आणि वाटाणे भरपूर घाला, बरोबर दही घ्या. नुसतं उप्पीट पोह्यांसारखंच वागतं.

नाश्ता नऊच्या आसपास, बसून. जेवण एक ते सव्वाच्या दरम्यान. अडीचपर्यंत ते का लांबतं, हेही वहीत दिसेल. बहुतेकांच्या बाबतीत कुणीतरी दीडची मीटिंग ठेवलेली असते. कंपनीच्या कॅलेंडरात एक ते पावणेदोन ही वेळ ‘जेवण’ म्हणून अडवून टाका. ऑफिसात कँटीनला जाताना कुणाची परवानगी घेत नव्हता, घरीही घ्यायची नाही. नऊ आणि एक यांत चार तासांचं अंतर राहिलं आणि नाश्ता भरीव असला की सकाळच्या फेऱ्या आठवडाभरात बऱ्याचशा आपोआप गळतात. वडगावच्या बाईंच्या सकाळच्या फेऱ्या अशाच गेल्या. शेंगदाण्याचा डबा जागचा हलवावासुद्धा लागला नाही.

दुपारचं प्रकरण अवघड. तिथं जास्त वेळ देते.

आधी मुठीचा हिशेब. घरात वजनाचा छोटा काटा असेल तर एकदाच करून बघा. नेहमीसारखी फरसाणाची मूठ भरा आणि ती बशीत ओतून मोजा. माणसाच्या हातावर अवलंबून आहे, पण 25 ते 30 ग्रॅम भरते. फरसाण, शेव, तळलेला चिवडा यांच्या 100 ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात. म्हणजे तीन मुठींत चारशेच्या पुढं, ज्वारीच्या दोन भाकरींएवढं. दोन भाकरी खाल्ल्या तर तुम्हाला कळतं की आपण जेवलो. तीन मुठी फरसाण कीबोर्डवर हात असताना जातं आणि जेवल्याची खूण मागं राहत नाही. वडगावच्या बाईंच्या त्या मंगळवारच्या मधल्या सगळ्या खाण्याची बेरीज हजार कॅलरींच्या आसपास गेली. बैठं काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेनं 1660 धरली आहे, पुरुषाची 2110. आकडे रोज मोजत बसा असं मी म्हणत नाही. एकदा काट्यावर मूठ बघा, पुढं डोळ्यांना अंदाज राहतो.

यावर उपाय म्हणून दुपारचं खाणं वेळेवर, बशीत आणि टेबलापासून लांब करायचं. साडेचार ही वेळ ठरवा. हे खाणं टाळायचं नाही, ते ठरवून खायचंच. साडेचारला काहीतरी नक्की मिळणार आहे हे माहीत असलं की सव्वातीनला थांबणं जमतं. ‘आज काहीच खाणार नाही’ असं ठरवलं की सव्वातीनला थांबायला कारणच उरत नाही.

बशीत काय? आपल्याकडं याला तोटा नाही. वाटीभर नव्हे, चांगले दोन वाट्या चिरमुरे घ्या. ते हलके असतात, दोन मोठ्या वाट्या भरून जेमतेम 30 ग्रॅम. त्यात बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, अर्धी मूठ शेंगदाणे किंवा मूठभर फुटाणे, चमचाभर तेलाची हिरवी मिरची-कढीपत्त्याची फोडणी, वरून लिंबू. गिरमिटासारखंच, फक्त शेव आणि तेल बेतानं. बशी शिगोशीग भरते, चावायला दहा मिनिटं लागतात आणि सगळं मिळून अडीचशे कॅलरींच्या आत बसतं. ओल्या शेंगांचे दिवस असतील तर उकडलेल्या शेंगा. त्या सोलाव्या लागतात, म्हणून हात आपोआप सावकाश चालतो. रताळ्यांचा हंगाम आला की उकडलेलं एक मध्यम रताळं. बेळगाव-खानापूर भागात राहून तळलेल्या पिशव्यांवर अवलंबून राहायचं काही कारण नाही. थंडीत हुरडा मिळाला तर उत्तमच.

एक सूचना. भडंग हा चिरमुऱ्यांचाच, पण विकतच्या भडंगात तेल आणि मीठ बरंच असतं. तो चिरमुरे म्हणून धरू नका, चिवडा म्हणून धरा.

इथं आईंची मदत घ्या. पत्रावरून मला असं दिसतं की डबा करू नकोस म्हटल्यावर त्यांना वाईट वाटतं ते डब्यासाठी नव्हे. मुलगा दिवसभर घरात असून पाठमोरा बसलेला असतो, त्याला काहीतरी करून घालणं एवढीच वाट त्यांच्याकडं आहे. म्हणून ‘करू नकोस’ म्हणूच नका. म्हणा, ‘आई, साडेचारला चिरमुऱ्यांना तुझ्या हातची फोडणी दे. दोन बशा कर. आपण सोप्यात बसून खाऊ.’ मग लॅपटॉप माजघरातच ठेवून खरंच सोप्यात जाऊन बसा. मोबाईलही आत. पंधरा मिनिटं पुरतात. यात तीन गोष्टी एकदम साधतात. खाणं बशीतलं होतं, उठायची गरज भागते आणि आईंच्या हाताला काम मिळतं. मग मधल्या वेळात त्यांनी ‘जरा तोंडात टाक’ म्हणून वाटी आणून ठेवली, तर ‘साडेचारच्या बशीत घाल’ म्हणता येतं. नकार द्यावाच लागत नाही. डबा त्यांनी करावा, पण चिवडा घरात पावशेर-अर्धा किलोच असावा. रविवार पेठेतून किलोकिलोनं आणलेलं फरसाण संपवायची जबाबदारी आपलीच आहे असं घरात बसलेल्या माणसाला वाटायला लागतं.

बाकीच्या उठण्याचं काय करायचं? मीटिंग संपल्यावर, कोड चालेनासा झाल्यावर, कडक मेल आल्यावर शरीर उठू बघतं. ते उठू द्या. तासन्‌तास बसून राहण्यापेक्षा उठणं केव्हाही चांगलं. फक्त जायची दिशा बदला. तुमच्या लांबट घराचा इथं फायदा आहे. आत स्वयंपाकघर, तर बाहेर सोपा आणि दारातला कट्टा. मीटिंग संपली की दारापर्यंत जायचं, गल्लीत दोन मिनिटं उभं राहायचं, परत यायचं. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बेळगावात दारात उभं राहणं जमत नाही, आणि भज्यांची आठवण नेमकी तेव्हाच येते. त्या दिवसांत सोप्यातच चार फेऱ्या मारा. काही जणांना हातांना काम लागतं. त्यांनी वाळत घातलेले कपडे उचलून घड्या घालाव्यात, झाडांना पाणी घालावं. फोन उघडणं यात मोजू नका. फोन बघताना दुसरा हात मोकळा राहतो आणि तो डब्याकडंच जातो.

शक्य असेल तर टेबलच सोप्यात हलवा. रस्त्याचा आवाज, येणारे-जाणारे, उजेडाची अडचण, ही सगळी कारणं मला ठाऊक आहेत. नाही जमलं तरी एवढं करा की खुर्चीत बसल्यावर स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ राहील. दार डोळ्यांसमोर असलं की दर वेळी मान वर झाली की स्वयंपाकघरातला कट्टाच दिसतो.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. वडगावच्या बाईंच्या वहीत दोन फेऱ्या पाण्याच्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्या पाणी पिऊन रिकाम्या हातानं परत आल्या नाहीत. माठ किंवा फिल्टर स्वयंपाकघरात, त्याच्या शेजारी कट्ट्यावर डबे. म्हणजे प्रत्येक घोट डब्याच्या पुढ्यातून जातो. सकाळी लिटरभराची बाटली किंवा झाकणाचा तांब्या भरून टेबलावर ठेवा आणि जेवताना पुन्हा भरा. डबे कट्ट्यावरून काढून वरच्या फळीवर ठेवा, तेही स्टीलचे. काचेच्या किंवा पारदर्शक बरणीत आतला चिवडा दिसत राहतो. स्टूल घेतल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी डबा असला की निम्म्या वेळा माणूस परत फिरतो. कट्ट्यावर हाताशी काही ठेवायचंच असेल तर केळी, पेरू किंवा काकडी ठेवा.

आणि एक नियम घरातल्या सगळ्यांसाठी: डब्यातून थेट तोंडात काही जाणार नाही. जे खायचं ते बशीत काढायचं, डबा बंद करून जागेवर ठेवायचा, मग बसून खायचं. कुंदाही चालेल, तसाच. पाहुण्यांनी खोका आणला म्हणून तो फ्रिजमधून चमच्याचमच्यानं संपवू नका. दुपारच्या जेवणानंतर वाटीत दोन चमचे काढून घ्या. जेवण झालेलं असतं, म्हणून तो दोन चमच्यांवर थांबतो. सहा वाजता, पोट रिकामं आणि डोकं थकलेलं असताना तोच कुंदा थांबत नाही.

चहाबद्दल थोडक्यात. घरी चहा किती होतो ते वहीत दिसेलच. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप धरले तर दहा चमचे, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आसपास राखली तर उत्तम. त्याहून मोठी अडचण अशी की चहा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बटर, खारी किंवा बिस्किट आलंच. दिवसाला तीन कप ठेवा: सकाळी, अकराला, साडेचारच्या बशीबरोबर. अकराचा चहा कोरडा, सोबत काही नाही. साडेचारनंतर चहा नको, नाहीतर झोप लांबते. आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं, हा अनुभव तुम्हालाही असेल.

काम करताना तोंडात काहीतरी हवंच वाटत असेल तर लवंग, वेलदोडा किंवा भाजलेली बडीशेप ठेवा. सुपारी नको. काही जण फरसाण सोडून तिच्याकडं वळतात. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते.

आता कुठं फसतं ते सांगते. पहिला आठवडा बरा जातो. मग एखाद्या दिवशी काम अंगावर येतं, साडेचारची बशी राहून जाते आणि माणूस खूश होतो की चला, आज वाचलं. त्या दिवशी साडेसात-आठला घर डोक्यावर घेतलं जातं. रात्रीचं जेवण होईपर्यंत चिवडा, उरलेली पोळी, जे दिसेल ते. हा प्रकार मी सगळ्यात जास्त पाहिलाय. म्हणून साडेचारची बशी चुकवू नका. उशीर झाला तर साडेपाचला खा, पण खा. दुसरी फसगत म्हणजे एका दिवशी डबा उघडला गेला की ‘आता आठवडा गेलाच’ असं म्हणून सोडून देणं. एक मूठ खाल्ली तर वहीत ती एक मूठ लिहा, तिसरा रकाना भरा आणि पुढच्या जेवणाला नेहमीसारखंच जेवा. भरपाई म्हणून रात्रीचं जेवण कापू नका.

जमतंय की नाही हे वजनकाट्यावर लगेच दिसणार नाही. पाणी, मीठ, पोट साफ होणं यावर वजन दिवसादिवसाला किलोभरसुद्धा इकडंतिकडं होतं. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी उठल्यावर करा आणि निदान महिनाभर निष्कर्ष काढू नका. त्याआधीच्या खुणा बघा. एकच्या सुमाराला खरी भूक लागतेय का, आणि जेवताना भाजी-आमटीची चव लागतेय का? दुपारी तीननंतर स्वयंपाकघरात न जाता दारापर्यंत जाणं किती वेळा झालं? पावशेर चिवड्याचा डबा आधी दोन दिवसांत रिकामा व्हायचा, तो आता किती दिवस पुरतो? हे आईंनाच विचारा, त्यांना नेमकं माहीत असतं.

वाढलेलं वजन उतरायला वेळ लागेल. महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तर ते पुष्कळ आहे. मधलं खाणं आवरल्यावर वजन नुसतं वाढायचं थांबलं, तरी पहिल्या दोन महिन्यांसाठी मी ते पुरेसं मानते.

हे सगळं नीट सांभाळूनही भूक आवरत नसेल, तर दोन गोष्टी तपासून घ्या. भुकेबरोबर तहान वाढली असेल, रात्री लघवीला उठावं लागत असेल किंवा कारण नसताना वजन उतरायला लागलं असेल, तर साखर तपासा. तुमचं वय 34, वजन वाढलेलं आणि काम बैठं आहे. तेव्हा ही लक्षणं नसली तरी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी एकदा करून घेणं शहाणपणाचं. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी 6.5 किंवा त्याहून जास्त आलं तर ते मधुमेहाकडं बोट दाखवतं आणि पुन्हा तपासून खात्री करावी लागते. उपाशीपोटीची साखर 100 ते 125 आली तर मधुमेहाच्या अलीकडची पायरी समजा, तिथून परत फिरता येतं. स्टेरॉइडची किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर त्यांनीही भूक वाढते. ती मनानं बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

दुसरी गोष्ट रात्रीच्या ‘दुप्पट’ खाण्याची. दिवसाचं जेवण वेळेवर झाल्यावरही कधीकधी तसं होत असेल, पोट दुखेपर्यंत थांबता येत नसेल, घरच्यांपासून लपवून खाल्लं जात असेल आणि नंतर स्वतःची किळस वाटत असेल, तर त्यावर डबे हलवून भागणार नाही. तो उपचारानं बरा होणारा त्रास आहे, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारी टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथं आपल्या भाषेत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, कारण तुमचं दुप्पट खाणं सगळं बंद केल्याच्या दिवसांतच झालेलं दिसतं. तरी चार दिवसांच्या वहीत संध्याकाळी सातनंतरचंही लिहा, म्हणजे ते नक्की होईल.